तोरण दाराला, साडीला नव्हे

दिवाळी सेलचा बॅनर करताना पहिला मोह होतो तो झेंडूचा. माळ वर, माळ खाली, मध्ये पणत्यांची रांग, आणि साडी कुठे? ती फुलांमागे.

समजा, दुकानावर १० बाय ४ फुटांचा फ्लेक्स लावायचा आहे आणि विकायची आहे जांभळी पैठणी. आधी साडी ठेवा, साधारण मधोमध, आणि तिच्याभोवती हातभर जागा मोकळी सोडा. मग वरच्या कडेला अर्ध्या फुटाची माळ, दोन्ही टोकांना थोडी लोंबती. पणत्या फक्त खालच्या कोपऱ्यांत. सवलतीचा आकडा साडीच्या बाजूला, पदरावर कधीच नाही.

जांभळ्यावर झेंडूचा केशरी खुलतो. साडीच केशरी असेल तर मात्र दोन्ही एकमेकांत मिसळतात. अशा वेळी माळेत आंब्याची पानं वाढवावीत, फुलं कमी करावीत.

पणतीचा पिवळा उजेड कापडावर पाडू नका. रंग बदललेला दिसतो आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडतं.

छपाईला देण्याआधी बॅनर पडद्यावर काडेपेटीएवढा करून डोळे किलकिले करून पाहा. आधी माळ दिसली, तर फुलं उतरवा.