अपेक्षित १,७७१, प्रत्यक्षात १,४९४

समाजशास्त्राच्या असाइनमेंट तपासताना एक वाक्य मला दरवर्षी भेटतं: ‘काय-स्क्वेअर चाचणीने भेदभाव सिद्ध झाला.’ आकडेमोड बहुतेक वेळा बरोबर असते, गडबड वाक्यात असते. म्हणून मी वर्गात एक जुना, खरा तक्ता फळ्यावर मांडते.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशासाठी पुरुषांचे ८,४४२ अर्ज आले, त्यातले ३,७३८ मंजूर झाले. स्त्रियांच्या ४,३२१ अर्जांपैकी १,४९४ मंजूर झाले. पुरुषांमागे शेकडा ४४, स्त्रियांमागे ३५. पीटर बिकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात या आकड्यांची चिरफाड केली.

चाचणी सुरू होते ती एका कल्पनेपासून. समजा, अर्जदार स्त्री आहे की पुरुष याचा प्रवेशाशी काहीच संबंध नाही. मग तक्ता कसा दिसला असता? एकूण १२,७६३ अर्जांपैकी ५,२३२ मंजूर झाले, म्हणजे सुमारे ४१ टक्के. संबंध नसता तर स्त्रियांनाही याच दराने प्रवेश मिळाला असता: ४,३२१ गुणिले ५,२३२ भागिले १२,७६३, म्हणजे १,७७१. मिळाले १,४९४. २७७ कमी.

या २७७ चा वर्ग करायचा आणि त्याला अपेक्षित १,७७१ ने भागायचं. सुमारे ४३ येतात. तक्त्याच्या उरलेल्या तीन चौकटींसाठीही हेच करून चारही उत्तरांची बेरीज केली की १११ येते. हाच काय-स्क्वेअर. चार चौकटींच्या तक्त्यात बेरजा ठरलेल्या असल्या की एक चौकट भरताच बाकीच्या आपोआप भरतात, म्हणून ‘डिग्री ऑफ फ्रीडम’ एकच. संबंध मुळीच नसेल, तर अशा तक्त्यात ३.८४ पेक्षा मोठी बेरीज शंभरात पाचच वेळा येते. इथे १११ आहे, तेव्हा निव्वळ योगायोगावर बोट ठेवून चालणार नाही.

आता एक चूक जवळून पाहू. अनेक विद्यार्थी चौकटीत संख्यांऐवजी टक्केवारी भरतात: ४४ आणि ५६, ३५ आणि ६५. गणित तेच करा, उत्तर येतं सुमारे १.७. ३.८४ च्या खाली! बर्कलीचा तोच फरक, पण निष्कर्ष उलटा. कारण टक्केवारी भरताच आपण चाचणीला सांगतो की पुरुषही शंभर होते आणि स्त्रियाही शंभरच. शंभर-शंभर माणसांत नऊचा फरक सहज पडू शकतो. हजारोंमध्ये तो सहज पडत नाही. म्हणून चाचणीला नेहमी माणसं मोजून द्यायची आणि टक्केवारी वाचकासाठी ठेवायची.

यातच दुसरा धडा दडलेला आहे. काय-स्क्वेअर मोठा म्हणजे संबंध घट्ट, असं नाही. अर्ज जास्त असले तरी तो फुगतो. घट्टपणा पाहायचा तर १११ ला १२,७६३ ने भागून वर्गमूळ काढायचं. याला फाय म्हणतात, आणि तो येतो ०.०९. शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध. त्या मानाने हा सौम्यच. एसपीएसएसच्या जुन्या आवृत्त्यांत पडद्यावर p च्या जागी `.000` दिसतं, ते पाहून मुलं ‘p शून्य आहे’ असं लिहितात. तिथे फक्त तीन दशांश स्थळं दाखवलेली असतात. लिहायचं ते ‘०.००१ पेक्षा कमी’.

आणि भेदभावाचं काय? बिकल यांनी विभागवार पाहिलं, तेव्हा स्त्रियांविरुद्ध ठळक कल मोजक्याच विभागांत दिसला आणि काही विभागांत तो पुरुषांविरुद्ध होता. स्त्रियांचे अर्ज मुख्यतः अशा विभागांकडे गेले होते, जिथे कुणालाही प्रवेश मिळणं अवघड होतं. त्या विभागांकडे त्या का वळल्या, हा समाजशास्त्राचा खरा प्रश्न आहे. मात्र आपल्या चार चौकटींत विभाग हा रकानाच नाही, त्यामुळे चाचणी त्याबद्दल काही बोलू शकत नाही.

हे सगळं धरून असाइनमेंटमध्ये मी असं लिहायला सांगते: ‘पुरुषांचे ४४ टक्के अर्ज मंजूर झाले, स्त्रियांचे ३५ टक्के. लिंग आणि प्रवेश यांचा काही संबंध नसता, तर केवळ योगायोगाने एवढा फरक दिसणं फारच दुर्मीळ ठरलं असतं (काय-स्क्वेअर १११, डिग्री ऑफ फ्रीडम १, p ०.००१ पेक्षा कमी). संबंध मात्र सौम्य आहे (फाय ०.०९). अर्ज कोणत्या विभागात केला होता हे या तक्त्यात धरलेलं नाही, त्यामुळे फरकाचं कारण यातून सांगता येत नाही.’