डाउट आहे? सरांचा ऑफ तास गाठा!

तास संपायला पाच मिनिटं असतात. सर फळ्याकडून वळतात आणि विचारतात, "समजलं का सगळ्यांना?" वर्गातून एका सुरात उत्तर येतं, "हो सर!" त्या ‘हो’मध्ये न समजलेले किती, हे सरांनाही कळत नाही आणि शेजारच्या बाकावरच्यालाही नाही. प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच ढ. मग हात वर जात नाही.

करमाड आणि आसपासच्या गावांतून जालना रोडने रोज संभाजीनगरला कॉलेजसाठी येणाऱ्यांच्या बाबतीत यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. बारावीपर्यंत मराठीत शिकलेलं असतं, इथं पुस्तक इंग्रजीत आणि प्रश्न कुठल्या भाषेत विचारायचा हेच ठरत नाही. दुसरं म्हणजे बस. शेवटचा तास संपला की स्टँडकडे धावायचं, त्यामुळे ‘तास झाल्यावर विचारू’ हा बेत रोज उद्यावर जातो.

पण भीतीचं एक कारण आपल्या लक्षातच येत नाही. बऱ्याचदा आपल्याकडे विचारण्यासारखा प्रश्न तयारच नसतो. असतो तो फक्त गोंधळ. ‘सर, बॅलन्स शीट समजली नाही’ हा प्रश्न नाही. यावर सर फार तर अख्खा धडा पुन्हा सांगतील, आणि आपण पुन्हा तिथंच अडकू. म्हणून आधी गोंधळातून प्रश्न काढायचा. तो वर्गात नाही, वहीवर काढायचा.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन बघू. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षात हमखास अडवणारी गोष्ट म्हणजे मालकाने धंद्यात टाकलेलं भांडवल. ताळेबंदात ते देण्यांच्या बाजूला लिहितात. पैसा तर मालकाचाच, मग तो देणं कसा?

वहीत तीन ओळी लिहायच्या. पहिली, मला काय समजलं: ‘मालमत्ता एका बाजूला, देणी दुसऱ्या बाजूला, दोन्हींची बेरीज सारखी.’ दुसरी, नेमकं कुठं अडलं: ‘भांडवल देण्यांच्या बाजूला का?’ तिसरी, मी काय करून पाहिलं. समजा, करमाड फाट्यावर कुणी स्वतःचे ५०,००० रुपये घालून चहा-नाश्त्याचा गाडा टाकला. ३०,००० रुपये गाडा, शेगडी आणि भांड्यांना गेले, २०,००० रोख उरले. मालमत्ता झाली ५०,०००. कर्ज तर कुणाचंच नाही. मग दुसऱ्या बाजूला काय लिहू?

आता हा प्रश्न झाला. तो कागदावर आहे, त्यामुळे आवाज कापला तरी चालतं, वही पुढे करता येते. भाषेचाही प्रश्न सुटतो. प्रश्न मराठीतच विचारायचा, फक्त ‘कॅपिटल’, ‘लायबिलिटी’ हे पेपरात येणारे शब्द तसेच ठेवायचे.

प्रश्न लिहायला लावण्याची युक्ती आपल्याकडच्या एका मोठ्या शास्त्रज्ञाने वापरली होती. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना डॉ. जयंत नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करून पाठवतो. सहीच्या ओढीने का होईना, मुलाला घरी बसून एक प्रश्न शोधावा लागे. गर्दी नाही, घाई नाही, कुणी हसायला नाही.

पुढचा टप्पा म्हणजे सरांचा किंवा मॅडमचा ऑफ तास. हा वेळ मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीनुसार पूर्णवेळ प्राध्यापकाने कॉलेजात रोज किमान ५ तास उपलब्ध असावं लागतं. सहायक प्राध्यापकाचं प्रत्यक्ष शिकवणं आठवड्याला १६ तासांचं असतं आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन वगैरेसाठी रोज किमान २ तास देणंही त्याच नियमात आहे. म्हणजे दोन लेक्चरच्या मध्ये स्टाफरूममध्ये बसलेले सर फक्त चहासाठी थांबलेले नसतात.

तो तास शोधायचा कसा? डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डावर टाइमटेबल असतं. आपण आपल्याच वर्गाचं बघतो. त्याऐवजी त्या सरांच्या नावाची अक्षरं सगळ्या वर्गांच्या रकान्यांत शोधा. जिथं ती नाहीत, तो त्यांचा रिकामा तास. त्यातला आपलाही रिकामा असलेला, शक्यतो दुपारचा एक निवडा, म्हणजे बस चुकायची भीती राहत नाही. मग लेक्चर संपल्यावर दारात एवढंच विचारायचं, "सर, बुधवारी तिसऱ्या तासाला दहा मिनिटं येऊ का? एकच डाउट आहे." ‘एकच’ आणि ‘दहा मिनिटं’ म्हटलं की समोरच्यालाही हो म्हणणं सोपं जातं. एकट्याने जायला अवघड वाटत असेल तर तोच डाउट असलेल्या मैत्रिणीला सोबत घ्या.

इथं एक अडचण ओळखून ठेवायला हवी. आपल्या अनेक कॉलेजांत तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीचे शिक्षक शिकवतात. त्यांना घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात आणि कित्येकांना पुढचा तास दुसऱ्या कॉलेजात गाठायचा असतो. त्यांच्याकडून रिकाम्या तासाची अपेक्षा धरणं बरोबर नाही. त्यांनाच विचारा, "मॅडम, तासाआधी पाच मिनिटं कधी जमेल?" नाहीतर त्याच विषयाच्या पूर्णवेळ शिक्षकांकडे वही घेऊन जा.

आता स्टाफरूममध्ये काय होतं ते बघू. सर गाड्याचं उदाहरण वाचतात आणि म्हणतात, "गाडा आणि गाडेवाला हे दोन वेगळे धर. गाड्याने मालकाकडून ५०,००० घेतलेत. उद्या धंदा बंद झाला तर ते त्यालाच परत द्यायचे ना?" डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. आणि नेमकी इथंच चूक होते. आपण "हो सर, समजलं" म्हणून उठतो आणि रात्री वही उघडली की पुन्हा अंधार.

समजलं की नाही हे तपासायचा एक साधा मार्ग आहे. उठण्याआधी उदाहरणात एक बदल करून आपणच उत्तर सांगायचं. "सर, समजा मालकाने घरखर्चाला गल्ल्यातून २,००० नेले. मग रोख १८,००० आणि भांडवल ४८,०००. दोन्ही बाजू ४८,०००. बरोबर?" हे जमलं तर खरंच समजलं. इथं ‘२,००० खर्चात टाकू का?’ असं वाटलं, तर धंदा आणि मालक अजून डोक्यात वेगळे झालेले नाहीत. तेव्हा तिथंच थांबून विचारायचं.

कधी "हे तर मी शिकवलंय की!" असंही ऐकावं लागतं. तेव्हा वहीतली पहिली ओळ कामाला येते. "हो सर, इथपर्यंत कळलं, या ओळीपासून अडलंय." लेक्चरला बसलो होतो आणि घरी प्रयत्नही केला होता, हे त्यातून दिसतं. मात्र परीक्षेच्या आदल्या दिवशी पाच धड्यांचे डाउट घेऊन गेलात, तर ही ओळही उपयोगाची नाही. डाउट पडला त्याच आठवड्यात जायचं, कारण पुढचा धडा त्याच्यावरच उभा असतो.

आणि वर्गातल्या हात वर करण्याचं काय? त्याची सुरुवात स्टाफरूममध्ये तपासून घेतलेल्या गोष्टीपासूनच करा. पुढच्या लेक्चरला तो विषय निघाला की विचारायचं, "सर, म्हणजे मालकाने उचल केली तर भांडवल कमी होणार ना?" उत्तर आपल्याला माहीत आहे, त्यामुळे फजितीची भीती नाही. पण सगळ्या वर्गासमोर आपलाच आवाज एकदा ऐकून होतो. शिवाय मागच्या बाकावर त्याच जागी अडकलेला कुणीतरी पेन काढून ते लिहून घेत असतो.