फाटक्या पाचशेच्या नोटेचे बँक किती देते?

उंदराने कुरतडलेली पाचशेची नोट बँकेत नेली, तर किती पैसे मिळतील हे शिल्लक तुकड्याच्या क्षेत्रफळावर ठरते. खाते त्याच बँकेत असण्याची गरज नाही.

आजची पाचशेची नोट १५ सेंटिमीटर लांब आणि ६.६ रुंद, म्हणजे ९९ चौरस सेंटिमीटरची. सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० चौरस सेंटिमीटर असला की पूर्ण पाचशे, ४० असला की अडीचशे, त्याहून लहान असला की काहीच नाही. समजा, एका टोकाचे चार सेंटिमीटर गेले. उरले ११ गुणिले ६.६, म्हणजे ७२.६, अडीचशेच मिळतील. म्हणून पडलेला तुकडा फेकू नका! एकाच नोटेचे दोन्ही तुकडे प्रत्येकी चाळीस टक्के असतील, तर पूर्ण किंमत मिळते.

वीस रुपयांपर्यंतच्या नोटांना अर्धी किंमत नाहीच. तुकडा निम्म्याहून मोठा हवा.

मुद्दाम कापलेली किंवा राजकीय घोषणा लिहिलेली नोट नाकारली जाते. जळून कोळसा झालेल्या किंवा एकमेकींना घट्ट चिकटलेल्या नोटा शाखा घेत नाही. त्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात न्याव्या लागतात.