कोणती तारीख चालेल?

आमच्या गृहनिर्माण संस्थांच्या परिसर-मंडळाने गेल्या वर्षी एका वकीलबाईंना वेबिनारसाठी पत्र पाठवलं. त्यात तीन तारखा दिल्या होत्या आणि शेवटी ‘आपली उपलब्धता कळवावी’ असं लिहिलं होतं. तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आलं, ‘चालेल.’ कोणती तारीख चालेल, हे विचारायला आमच्या सेक्रेटरींना संकोच वाटला. त्यांनी आपल्या मनाने शनिवार धरला, तर बाईंनी त्यांच्या मनाने रविवार. शनिवारी संध्याकाळी चाळीसेक माणसं मोबाइल उघडून बसली होती आणि वक्त्या लग्नाच्या पंगतीत होत्या.

चूक त्यांची नव्हती, पत्राची होती. ते लिहिण्यात माझाही हात होता, म्हणून हे लिहायचा मला अधिकार आहे.

पहिला घोटाळा विषयाचा. आम्ही ‘सोसायटीचे कायदे’ असं लिहिलं होतं. त्यात उपविधी, निवडणूक, थकबाकीची वसुली आणि पुनर्विकास असं सगळंच येतं. वक्ता काय तयारी करणार? आमच्या लोकांना खरं तर मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बोलीभाषेतला ‘डीम्ड कन्व्हेयन्स’, समजून घ्यायचा होता. बिल्डर जमीन संस्थेच्या नावावर करून देत नसेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज कसा करायचा, एवढाच आमचा प्रश्न होता. दुसऱ्या खेपेला आम्ही विषय असा लिहिला : ‘बिल्डर सहकार्य करत नसताना मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज : कागदपत्रं कोणती आणि ती मिळत नसतील तर काय’. श्रोते कोण, हेही एका ओळीत सांगितलं : संस्थांचे पदाधिकारी, कायद्याचं शिक्षण नसलेले.

वेळेचंही तसंच. ‘दीड तास’ म्हटलं की वक्ता दीड तास बोलायची तयारी करतो आणि प्रश्नांना जागा उरत नाही. म्हणून ५० मिनिटं व्याख्यान, ३० मिनिटं प्रश्नोत्तरं, आणि आवाज-पडदा तपासायला सुरुवातीआधी १५ मिनिटं, अशी फोड लिहावी. ही १५ मिनिटं पत्रात नसली की मागता येत नाहीत.

मानधनाविषयी लिहिताना आपली लेखणी अडखळते. ‘यथाशक्ती’, ‘योग्य ते मानधन’ असं लिहून आपण शालीनता दाखवतो आणि विचारण्याची लाज मात्र समोरच्यावर टाकतो. आम्ही दुसऱ्या पत्रात आकडा घातला : ६,००० रुपये, कार्यक्रमानंतर सात दिवसांत बँक खात्यात. सोबत रेकॉर्डिंगचा खुलासा केला. ते फक्त सभासदांना महिनाभर पाहता येईल, यूट्यूबवर जाणार नाही. वक्त्याला हे आधी कळायला हवं, कारण एकदा सगळ्यांसाठी खुलं झालेलं व्याख्यान दुसऱ्या ठिकाणी मानधन घेऊन द्यायला तो कचरतो.

पण खरी गंमत तारखांची. आम्ही पहिल्या पत्रात दोन शनिवार आणि एक रविवार दिला होता, सगळे संध्याकाळी सहाला. कागदावर पर्याय तीन दिसतात, प्रत्यक्षात तो एकच असतो. ज्याच्या शनिवार-रविवारच्या संध्याकाळी घरात किंवा क्लासमध्ये अडकलेल्या असतात, त्याच्यासाठी तिन्ही बाद. म्हणून नंतर शनिवार ११ जुलै संध्याकाळी ६, बुधवार १५ जुलै रात्री ८ आणि रविवार १९ जुलै सकाळी ११ अशा निरनिराळ्या जातीच्या वेळा दिल्या. २५ जुलैचा शनिवारही मोकळा दिसत होता, पण त्या दिवशी आषाढी एकादशी. दिनदर्शिका समोर ठेवल्याशिवाय तारखा लिहू नयेत.

शिवाय तीन तारखा विचारणं म्हणजे समोरच्याच्या डायरीतल्या तीन जागा अडवून ठेवणं. त्या किती दिवस, हे सांगायला हवं. आमच्या पत्राचा शेवट असा झाला :

‘आम्हाला १५ तारीख सर्वांत सोयीची आहे, पण तिन्ही चालतील. कृपया शुक्रवार २६ जूनपर्यंत यांपैकी एक तारीख लिहून कळवावी. आपलं उत्तर आलं की बाकीच्या दोन तारखा मोकळ्या झाल्याचं आम्ही त्याच दिवशी कळवू. तिन्ही गैरसोयीच्या असल्यास तसं स्पष्ट कळवावं, आम्ही गैरसमज करून घेणार नाही.’

शेवटचं वाक्य मी आग्रहाने घातलं. आपल्याकडे ‘नाही’ म्हणणं अवघड जातं. माणूस ‘बघतो’, ‘कळवतो’ म्हणतो आणि आपण त्याला होकार समजून पत्रिका छापतो. ‘बघतो’वर तारीख जाहीर करू नये. ठरलेल्या शुक्रवारी उत्तर नसेल तर एक फोन करावा, पलीकडून पुन्हा ‘बघतो’च आलं तर दुसऱ्या वक्त्याकडे वळावं, आणि वळल्याचं पहिल्यालाही सांगावं.

दुसऱ्या पत्राला बाईंचं उत्तर दोन ओळींचं आलं. ‘बुधवार १५, रात्री ८ नक्की. कोणाकडे मंजूर नकाशा नसेल तर आधी कळवा, त्यावर वेगळं बोलावं लागेल.’ आम्ही विचारून पाहिलं, तर अकरा संस्थांपैकी सातांकडे तो नव्हता. त्या बुधवारी प्रश्नोत्तरांची ३० मिनिटं त्या नकाशांवरच गेली.