मागील बाकी पुढे ओढायची का?

वाण्याच्या उधारीच्या वहीत एक पान संपलं की पुढच्या पानाच्या पहिल्या ओळीत ‘मागील बाकी’ लिहिली जाते. पान उलटलं म्हणून उधारी मिटत नाही. जगातल्या बहुतेक मध्यवर्ती बँकांच्या महागाईच्या हिशेबात मात्र ही ओळच नसते.

आपलंच उदाहरण घ्या. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेला कायद्याने ४ टक्के महागाईचं लक्ष्य दिलेलं आहे, वर-खाली २ टक्क्यांची सूट धरून. २०२२ मध्ये महागाई सलग तीन तिमाह्या ६ टक्क्यांच्या वर राहिली आणि बँकेला त्याची कारणं सरकारला लेखी कळवावी लागली. पण त्या काळात जास्तीचे चढलेले भाव पुन्हा खाली आणा, असं कायदा सांगत नाही. झालं गेलं गंगेला मिळालं, इथून पुढे ४ टक्के. म्हणूनच ‘महागाई घटली’ अशी बातमी वाचून मंडईत गेलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला फसवलं. बातमी खरीच असते. भाव चढण्याचा वेग कमी झालेला असतो. चढलेले भाव तिथेच असतात.

याला महागाई-लक्ष्य म्हणतात. दुसरी पद्धत आहे किंमतपातळी-लक्ष्य. तिथे बँक दरवर्षीचा वेग ठरवत नाही, तर भावांची एक वाटच आखून देते. आज १०० रुपयांना मिळणाऱ्या सामानाची पिशवी पुढच्या वर्षी १०२ रुपयांना, त्यापुढच्या वर्षी सुमारे १०४ रुपयांना, त्यानंतर १०६ रुपयांना. वाट चुकली तर पुन्हा तिच्यावर यायचं. म्हणजे मागील बाकी पुढे ओढायची.

आता समजा मंदी आली आणि वर्षभरात भाव वाढलेच नाहीत. पिशवी १०० रुपयांवरच राहिली. महागाई-लक्ष्य पाळणारी बँक म्हणेल, पुढच्या वर्षी पुन्हा २ टक्के, म्हणजे १०२. किंमतपातळी पाळणाऱ्या बँकेला मात्र १०४ गाठायचे आहेत, म्हणजे पुढच्या वर्षी ४ टक्के महागाई हवी.

खरी गंमत इथे आहे. मंदीत बँकेने व्याजदर शून्यावर आणून ठेवलेला आहे. त्याखाली जायला फारशी जागा नाही, हत्यार बोथट झालं आहे. एक कारखानदार यंत्र घेण्यासाठी कर्ज काढावं की नाही, याचा विचार करतो आहे. सोपं जावं म्हणून त्यालाही शून्य व्याज धरू. पुढच्या वर्षी भाव २ टक्क्यांनी वाढतील असं त्याला वाटत असेल, तर त्याच्या मालालाही तेवढी जास्त किंमत येईल आणि कर्जाचं खरं ओझं २ टक्क्यांनी हलकं होईल. ४ टक्के वाढतील अशी खात्री असेल तर ते ४ टक्क्यांनी हलकं होईल. बँकेने आज काहीही नवं केलेलं नाही, दर होता तिथेच आहे, तरी कर्ज स्वस्त झालं. आणि मंदी जितकी खोल, भाव वाटेपासून जितके खाली, तितकं हे आपोआप वाढत जातं. भरपाई उद्या व्हायची असते, पण तिचा गुण आजच येतो, कारण लोक उद्याकडे पाहून आज निर्णय घेतात. उद्या भाव चढणार हे माहीत असलेला व्यापारी आज भाव पाडत नाही. त्यामुळे मूळ चूकच लहान होते आणि भरपाईही थोडीच करावी लागते.

पण सगळं त्या कारखानदाराच्या विश्वासावर उभं आहे. मंदी सरल्यावर, धंदा सावरल्यावर, बँकेला मुद्दाम ४ टक्के महागाई होऊ द्यावी लागते. तेव्हा तिची गरज उरलेली नसते आणि लोक ओरडत असतात. त्या क्षणी वचन मोडणं बँकेला सर्वांत सोयीचं असतं. हे कारखानदाराला आजच कळत असेल तर तो कर्ज काढणार नाही, आणि वचन कागदावरच राहील.

उलट्या बाजूचं दुखणं तर याहून मोठं आहे. समजा तेल भडकलं आणि पिशवी १०२ ऐवजी १०६ रुपयांवर गेली. तिसऱ्या वर्षाची खूणही १०६ चीच. म्हणजे पुढची दोन वर्षं भाव जवळपास वाढूच द्यायचे नाहीत. त्यासाठी व्याज चढं ठेवायचं, मागणी दाबायची. पगार सहजी कमी होत नाहीत, म्हणून माणसं कमी होतात. तेल महाग होण्यात ज्यांचा काही हात नव्हता, त्यांच्या नोकऱ्या त्यात जातात.

स्वीडनने सप्टेंबर १९३१ मध्ये सोन्याशी असलेली चलनाची गाठ सोडली आणि क्रोनाची देशातली खरेदीशक्ती टिकवणार असं जाहीर केलं. भावांवर नजर ठेवायला तिथल्या मध्यवर्ती बँकेने दर आठवड्याचा निर्देशांक तयार केला. ही कल्पना मुळात त्यांच्याच क्नूट विक्सेल या अर्थशास्त्रज्ञाची. पुढची काही वर्षं भाव बऱ्यापैकी स्थिर राहिले. उघडपणे किंमतपातळीला बांधून घेतल्याचा हा गाजलेला प्रयोग, पण तो मंदीतला आणि थोड्या काळाचा.

आपल्या काळात अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने या वाटेवर अर्धं पाऊल टाकलं. २०१२ पासून तिचं २ टक्क्यांचं लक्ष्य होतं आणि महागाई बहुतेक काळ त्याच्या खालीच राहिली. २७ ऑगस्ट २०२० रोजी अध्यक्ष जेरोम पॉवेल यांनी नवं धोरण मांडलं: महागाई बराच काळ २ टक्क्यांखाली राहिली, तर नंतर काही काळ ती २ च्या थोडी वर राहू द्यायची, म्हणजे सरासरी जमेल. किती वर, किती काळ, सरासरी किती वर्षांची, हे सांगितलं नाही. आणि महागाई वर गेली तर नंतर ती २ च्या खाली ठेवू, असं वचन दिलंच नाही. येणं वसूल करायचं, देणं मात्र वहीत लिहायचं नाही, असा तो हिशेब.

त्यानंतर वर्षभरात करोनाकाळातली मालटंचाई, सरकारी खर्च, मग युक्रेनचं युद्ध. जून २०२२ मध्ये अमेरिकेतली ग्राहक महागाई ९.१ टक्क्यांवर पोहोचली. (फेडचं लक्ष्य ज्या निर्देशांकावर आहे तो थोडा वेगळा, पण गोष्ट तीच.) व्याजदर मार्च २०२२ पर्यंत शून्याजवळच होता. या उशिराला नवं धोरण किती कारणीभूत, यावर अर्थतज्ज्ञांचं एकमत नाही. मला वाटतं, आग लावली ती धोरणाने नव्हे, पण ‘महागाई आधी थोडी वर जाऊ दे’ ही अट स्वतःला घालून घेतल्यामुळे बंब उशिरा निघाला.

डिसेंबर २०२० ते डिसेंबर २०२४ या चार वर्षांत अमेरिकेतले भाव सुमारे २१ टक्क्यांनी चढले. २ टक्क्यांच्या वाटेने ते ८ टक्क्यांच्या आसपास असते. खरं किंमतपातळी-लक्ष्य असतं तर हा फरक परत फेडावा लागला असता आणि कित्येक वर्षं मंदी सोसावी लागली असती. ते कोणीच मागितलं नाही, आणि न मागण्यात शहाणपण होतं. पण ठरावीक पेन्शनवर जगणाऱ्याच्या पैशातला तो फरक कायमचा गेला, हेही तितकंच खरं. दोन्ही पद्धतींतला निवाडा शेवटी इथेच येतो: चुकीचा भार एकदाच सोसून तो पिशवीच्या किंमतीत कायम ठेवायचा, की नोकऱ्यांची किंमत देऊन फेडायचा.

ऑगस्ट २०२५ मध्ये फेडने भरपाईचं ते कलम आपल्या धोरणातून काढून टाकलं.