आधी किंमत, मग खर्च

मिक्सर बाजारात तीन हजारांना विकला जाणार असेल, तर तो बनवायला जास्तीत जास्त किती खर्च चालेल? पारंपरिक कॉस्टिंगला हा प्रश्न पडतच नाही. तिथे माल, मजुरी आणि कारखान्याचे वरखर्च यांची बेरीज होते, वर नफा चढवला जातो आणि येईल ती किंमत. गिऱ्हाईक तेवढे पैसे देईल का, हे नंतर दुकानात कळतं.

टार्गेट कॉस्टिंग उलट्या टोकाने सुरू होतं. टोयोटाने ही पद्धत १९६० च्या दशकात रुजवली. उदाहरणासाठी धरू की कंपनीच्या हातात मिक्सरमागे ३,००० रुपये पडतात आणि तिला विक्रीवर १५ टक्के नफा हवा आहे. म्हणजे ४५० रुपये वजा, उरले २,५५०. ही झाली खर्चाची मर्यादा. (नफा विक्रीवर मोजायचा की खर्चावर, इथे बरेच जण घसरतात. खर्चावर १५ टक्के धरले तर मर्यादा साधारण २,६०९ निघते आणि पुढचं सगळं गणित चुकतं.) सध्याच्या डिझाइनचा अंदाज २,९०० आला, तर ३५० रुपयांची फट राहते. ती भरायची कागदावर, नकाशा पक्का होण्याआधी. एकेका भागापाशी थांबून विचारायचं, हा नेमकं काय काम करतो, त्यासाठी गिऱ्हाईक पैसे मोजेल का, तेच काम स्वस्तात होईल का? पुरवठादारालाही या चर्चेत सुरुवातीपासून बसवावं लागतं. साचे बनून आले की फारसं काही हातात राहत नाही.

आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे टाटांची नॅनो. एक लाखाचा आकडा आधी ठरला आणि गाडी त्याच्या मागून आली. पुण्यातल्या अभियंत्यांनी चाकाला तीनच नट ठेवले, काचेला एकच वायपर दिला, दोन सिलिंडरचं इंजिन मागे बसवलं, साध्या मॉडेलमध्ये एसी ठेवला नाही. खर्चाची शिस्त म्हणून हे काम अव्वल होतं, असं माझं मत. पण गिऱ्हाइकाला ‘स्वस्त’ म्हणवून घ्यायचं नव्हतं. नफा आणि खर्च कितीही चोख मांडले, तरी बाजार ओळखण्यात गफलत झाली तर टार्गेट कॉस्टिंग त्यातून वाचवत नाही.

मग लाइफ सायकल कॉस्टिंग वेगळं काय सांगतं? पुन्हा मिक्सरकडे येऊ. फट भरली, कारखान्यातला खर्च २,५५० वर आला, दर नगाला ४५० रुपये नफा दिसू लागला. चार वर्षांत वीस हजार मिक्सर खपतील असा अंदाज आहे. पण मिक्सर जन्मायच्या आधी संशोधन, नमुने आणि चाचण्यांवर ६० लाख गेलेले आहेत. वॉरंटीच्या दुरुस्त्या, सुटे भाग साठवणं आणि शेवटी मॉडेल बंद करणं, यात आणखी ४० लाख जातील. पारंपरिक हिशेबात संशोधनाचा बराचसा खर्च त्या त्या वर्षाच्या नफा-तोट्यात जातो, वॉरंटी भलत्याच खात्यात पडते आणि या मिक्सरच्या नावावर यातलं काहीच दिसत नाही. लाइफ सायकल कॉस्टिंग हे एक कोटी वीस हजारांनी भागतं: दर नगाला ५०० रुपये. म्हणजे खर्च ३,०५० आणि ५० रुपयांचा तोटा. दरवर्षीचा ताळेबंद कारखान्याला शाबासकी देत असताना मिक्सर जन्मभर तोट्यात चाललेला असतो.

दोन्ही पद्धतींचा सांधा इथेच आहे. २,५५० ची मर्यादा नुसत्या कारखान्याला लावून चालत नाही, वस्तूच्या अख्ख्या आयुष्याला लावावी लागते. मग कारखान्याच्या वाट्याला २,०५० च उरतात, आणि फट ३५० ची नव्हे, ८५० ची होते.

सगळं हिशेबात धरलं तरी एक आकडा कायम डोक्यावर टांगलेला राहतो: किती नग खपतील? वीस हजारांऐवजी दहा हजारच खपले, तर नुसत्या संशोधनाचा वाटा ३०० वरून ६०० वर जातो. नॅनोचं हेच झालं. सिंगूर सोडून साणंदला जाण्याचा खर्च अंगावर पडला, कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांसाठी उभा राहिला आणि विक्री त्याच्या जवळपासही कधी पोहोचली नाही.

पारंपरिक कॉस्टिंग निकामी झालं, असा याचा अर्थ नाही. वर्षाअखेरीस गोदामातल्या मालाची किंमत ठरवायला तेच लागतं. खर्च अधिक ठरावीक नफा अशा करारावर, एकाच गिऱ्हाइकासाठी केलेल्या कामातही ते पुरेसं असतं, कारण तिथे बाजारभाव नावाची गोष्टच नसते. पण नवी वस्तू काढावी की नाही, हे ठरवायला त्याचा आधार घेऊ नये. ते गेलेला पैसा मोजतं, आणि तोवर साचे बनून आलेले असतात.