वेलचीची वानगी आणि छायाचित्राची साक्ष

केरळातील इडुक्की जिल्ह्यात पुट्टडी येथे आणि सह्याद्रीच्या पलीकडच्या उतारावर तमिळनाडूतील बोडीनायकनूर येथे वेलचीचा लिलाव होतो. तेथे बोली लावणाऱ्या व्यापाऱ्यापुढे प्रत्येक ढिगाची वानगी आधी ठेवली जाते. तो बोंड नखाने फोडतो, दाण्यांचा रंग पाहतो, दोन दाणे दाताखाली घेतो आणि मगच आकडा बोलतो. तोच माल पुढे वाशीच्या मसाला बाजारातून गावोगावच्या दुकानदारांकडे आणि मसाले करणाऱ्या बचत गटांकडे जातो, तेव्हा मात्र अलीकडे वानगीच्या पुडीऐवजी भ्रमणध्वनीवर आलेले एक छायाचित्र पाहून सौदा करण्याचा प्रघात पडला आहे. मसाल्याच्या घाऊक खरेदीचे काम करीत असताना अशी छायाचित्रे माझ्या नजरेखालून सतत जात असतात, आणि त्यावरून प्रत ओळखणे कितपत शक्य आहे, कोठपर्यंत शक्य आहे आणि कोणत्या रीतीने शक्य आहे, याविषयी काही निश्चित मते बनली आहेत, ती येथे मांडतो.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की विक्रेता आपण होऊन जे छायाचित्र पाठवितो, ते बहुधा उघड्या गोणीच्या तोंडाचे असते, आणि त्यावरून प्रतीविषयी जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही. यात दर वेळी कपटच असते असे नव्हे. वेलचीची गोणी शेकडो कोस मालमोटारीत हादरे खात आली, की बारीक बोंडे मोठ्यांच्या फटींतून हळूहळू तळाशी उतरतात आणि ठसठशीत बोंडे आपोआप वर येतात. म्हणून शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत मडक्याच्या तळापर्यंत डाव घालून काढलेले असावे, हा नियम येथे अक्षरशः लागू पडतो. गोणीच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या थरांतून प्रत्येकी एक ओंजळ घ्यावी, ती एकत्र कालवून पसरावी, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवावेत व दोन बाजूस सारावेत, आणि असे करीत करीत उरलेल्या लहान ढिगातून न निवडता ओळीने शंभर बोंडे उचलावीत. छायाचित्र घ्यायचे ते या शंभर बोंडांचे.

ही बोंडे मिलिमीटरच्या चौकटी छापलेल्या आलेख कागदावर, एकमेकांना न चिकटतील अशी, आडवी मांडावी लागतात. कारण वेलचीची प्रत मूलतः चाळणीवर ठरते. अ‍ॅगमार्कच्या प्रतवारीत अलेप्पी ग्रीन जातीच्या ‘एक्स्ट्रा बोल्ड’ प्रतीची बोंडे ७ मिलिमीटर छिद्राच्या चाळणीवर राहिली पाहिजेत, ‘बोल्ड’ची ६ वर आणि ‘सुपीरियर’ची ५ वर. चाळणीचे छिद्र गोल असते आणि बोंड त्यातून उभे होऊन खाली उतरते, म्हणून ते अडते ते लांबीने नव्हे, रुंदीने. अननुभवी डोळा मात्र छायाचित्रात लांबट बोंड पाहिले की त्याला मोठे समजतो, आणि लांबट परंतु कृश बोंडांचा माल सहज ‘बोल्ड’ म्हणून खपून जातो. तेव्हा प्रत्येक बोंडाच्या मध्याची आडवी रुंदी कागदावरील चौकटींनी मोजावी आणि लांबीकडे लक्ष देऊ नये.

येथे छायाचित्र घेण्याच्या अंतराचाही विचार करावा लागतो. बोंडाची सर्वांत रुंद जागा कागदापासून सुमारे साडेतीन मिलिमीटर उंच असते, म्हणजे ती कागदापेक्षा तेवढी कॅमेऱ्याच्या जवळ येते आणि म्हणून किंचित मोठी दिसते. कॅमेरा १० सेंटिमीटरवर धरला, तर ७ मिलिमीटरचे बोंड सव्वासात भासते. तोच सुमारे ३५ सेंटिमीटरवर, कागदाच्या बरोबर वर धरला, तर हा फरक शतांशाच्या आसपास उरतो आणि दुर्लक्षिता येतो. चाळणीचा वाद अर्ध्या मिलिमीटरवर अडलेला असताना पाव मिलिमीटर ही क्षुल्लक बाब नाही. उजेड सावलीतला, दिवसाचा असावा. पिवळ्या दिव्याखाली हिरवी वेलची पिवळट दिसते, आणि काही कॅमेरे हिरव्या रंगाला परस्पर गडद करतात. आलेख कागदाचा पांढरा भाग पांढराच दिसतो आहे याची खात्री झाल्यावाचून रंगाविषयी मत देऊ नये.

याच रीतीने तपासलेल्या एका ढिगाची हकिकत सांगतो. माल ‘सात-आठ’ म्हणून, म्हणजे ७ ते ८ मिलिमीटरचा म्हणून देऊ केला होता, आणि गोणीच्या तोंडाचे छायाचित्र देखणे होते. शंभर बोंडांचे छायाचित्र मागवून रुंदी मोजली, तेव्हा ७ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी ६२ बोंडे निघाली, ६ आणि ७ यांच्या दरम्यानची अवघी ९, आणि ६ च्या खालची २९. या तीन आकड्यांतील मधला आकडा खरा बोलका होता. चाळणी ढिली असती, किंवा घाईने चाळले असते, तर ७ च्या जरा खालची बोंडे पुष्कळ आणि त्याहून बारीक बोंडे कमी कमी होत गेलेली दिसली असती. येथे मध्ये दरी आणि दोन्ही बाजूंना उंचवटे होते, याचा अर्थ दोन निराळ्या चाळण्यांचे दोन निराळे माल नंतर एकत्र केले होते. एखादा माल निकृष्ट असणे आणि तो मिसळलेला असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांतील भेद असा आकारांच्या वाटणीवरून सर्वांत स्पष्ट होतो.

पुढे त्या २९ बोंडांकडे स्वतंत्रपणे पाहिले. मोठी बोंडे हिरवी व कडांनी भरीव होती. बारकी फिकट पिवळसर असून त्यांतील कित्येकांच्या अंगावर फुलकिड्यांनी खरवडल्याचे खडबडीत, बुचासारखे व्रण होते. दोन्ही गटांतील वीस-वीस बोंडे फोडून त्यांची आतील छायाचित्रे मागविली. मोठ्यांत काळसर तपकिरी दाणे एकमेकांस चिकटून दाटीने बसलेले होते. बारक्यांपैकी सात बोंडांत दाणे पांढुरके व सुरकुतलेले निघाले, म्हणजे ती अपक्व असतानाच तोडलेली होती. शेवटी तिन्ही गट सोनाराच्या काट्यावर ठेवून त्याचे छायाचित्र घेण्यास सांगितले: मोठी १५ ग्रॅम, मधली दीड, बारकी साडेतीन. म्हणजे संख्येने शंभरांत २९ असलेला हीन माल वजनाने २० ग्रॅमांत साडेतीन, अर्थात साडेसतरा टक्के होता. दर वजनावर ठरतो, म्हणून तक्रार करताना हाच दुसरा आकडा धरणे न्याय्य होते, आणि तो धरल्यामुळेच विक्रेत्याला वाद घालण्यास जागा उरली नाही. त्याने माल पुन्हा चाळून दिला.

रंगाच्या बाबतीत आणखी एक खूण सांगण्याजोगी आहे. भट्टीत नीट सुकविलेल्या वेलचीचा हिरवा रंग कधीही एकसारखा नसतो. कडा उजळ, देठ तपकिरी, आणि एका बोंडापासून दुसऱ्यापर्यंत छटा बदलत गेलेली असते. देठासकट सगळे हिरवेगार असेल आणि शिरांच्या खोबणीत रंग अधिक दाट साचला असेल, तर वरून रंग दिल्याचा संशय घ्यावा आणि ओल्या पांढऱ्या कापसावर बोंड चोळून त्या कापसाचे छायाचित्र मागावे.

लवंगेची परीक्षा छायाचित्राला अधिक अनुकूल आहे, कारण तिचे गुणदोष बव्हंशी आकृतीत उतरलेले असतात. लवंग ही न उमललेली कळी होय, तेव्हा चार पाकळ्यांसारखी दले आणि त्यांच्यामध्ये गोल डोके, असे पूर्ण अंग किती लवंगांचे शाबूत आहे, हे शंभरांत मोजावे. डोके गळलेली लवंग निःसत्त्व नसते, कारण तेलाच्या पेशी खालच्या दांड्यात असतात; परंतु अशा लवंगा फार असल्या तर माल अतिशय कोरडा झाला आहे किंवा हयगयीने हाताळला आहे असे समजावे. फिकट, पांढुरक्या, सुरकुतलेल्या लवंगा सुकण्यापूर्वी आंबलेल्या असतात. देठांचे तुकडे निराळे मोजावेत, कारण त्यांत तेल अल्प असते. खरा धोका तेल काढून घेतलेल्या लवंगांचा. त्या काळपट व चिरमटलेल्या दिसत असल्या तरी नुसत्या रूपावरून निर्णय करू नये. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन दहा लवंगा टाकाव्यात आणि बाजूने छायाचित्र घ्यावे. तेल असलेली लवंग बुडते किंवा डोके वर करून उभी तरंगते, तेल काढलेली पाण्यावर आडवी पडून राहते.

काळ्या मिरीपाशी मात्र छायाचित्राची मर्यादा उघड होते. व्यास मोजता येतो. ‘तेल्लिचेरी’ म्हणून विकली जाणारी मिरी मलबारच्याच मिरीतून मोठ्या छिद्रांच्या चाळण्यांवर राहिलेली असते, त्यामुळे नाव ऐकून दर मान्य करण्याआधी दाणे आलेख कागदावर यावेत. पपईच्या बियांची भेसळ ओळखणेही अवघड नाही. बी गोलाऐवजी लंबगोल असते, आणि कापली असता मिरीत दिसणारा पांढरा, पिठूळ गाभा तीत नसतो. परंतु पोचट मिरी, म्हणजे वरून काळी व सुरकुतलेली पण आतून रिकामी राहिलेली मिरी, बाहेरून भरीव मिरीसारखीच दिसते, आणि कोणताही कॅमेरा तिच्या आत पाहू शकत नाही. तेथे वजनाचा आश्रय घ्यावा. एक लिटरचे माप न दाबता भरून, वरचा भाग सपाट करून, ते काट्यावर ठेवावे आणि काट्याच्या आकड्यासह छायाचित्र घ्यावे. चांगली मलबार मिरी लिटरला सुमारे ५५० ग्रॅम भरते. वेलचीलाही हीच कसोटी आहे: अलेप्पी ग्रीन ‘एक्स्ट्रा बोल्ड’ लिटरला किमान ४३५ ग्रॅम आणि ‘बोल्ड’ ४१५ ग्रॅम भरली पाहिजे. आकार बरोबर आणि लिटरचे वजन कमी, असे झाले की आत दाणे नाहीत असे समजावे.

याखेरीज वास, ओलावा, जुनेपणा आणि चकाकीसाठी मिरीवर चोळलेले खनिज तेल या गोष्टी छायाचित्रावरून निश्चितपणे कळत नाहीत. पहिल्या दोहोंना हात आणि नाक लागते, शेवटच्या बाबीला प्रयोगशाळा. म्हणून खरेदीदारांना माझे सांगणे एवढेच की रीतीने घेतलेल्या छायाचित्राला माल नाकारण्याचा पूर्ण अधिकार द्यावा, तो पत्करण्याचा अधिकार मात्र देऊ नये. आलेख कागदावरची शंभर बोंडे, फोडलेली वीस आणि काट्यावरचे माप, ही तीन छायाचित्रे देण्यास जो विक्रेता टाळाटाळ करील त्याच्याशी बोलणे तेथेच थांबवावे. आणि जो देईल, त्याच्याकडूनही पैसे चुकते करण्यापूर्वी वानगीची पुडी मागवून बोंड आपल्या हातांनी फोडावे.